निकालाआधीचे नऊ दिवस : पहिला चित्रपट आणि कानची ज्युरी

स्पर्धेतल्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला की दिग्दर्शकाच्या हाती करण्याजोगे फारसे काही उरत नाही. संकलन, ध्वनी, उपशीर्षके सगळे आटोपलेले असते. पुढचा निर्णय नऊ अनोळखी माणसांच्या हाती असतो आणि तो महोत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. ज्याच्या नावावर आधीचे चार-पाच चित्रपट आहेत, त्याच्यासाठी हा काळ कंटाळवाणा असेल. पहिलाच चित्रपट घेऊन आलेल्या दिग्दर्शिकेसाठी मात्र पुढच्या चित्रपटाला पैसे मिळणार की नाही, हेही बहुधा याच दिवसांत ठरत असते. या काळात ज्युरीच्या बंद दाराआड काय चाललेले असते, बाहेर बसलेल्या माणसाला त्यातले काय कळू शकते आणि काय नाही, हे समजून घ्यायला 2019 सालच्या कान महोत्सवातले मती दिओप यांचे उदाहरण चांगले आहे.

दिओप यांचा ‘अटलांटिक्स’ हा चित्रपट 16 मे 2019 रोजी कानच्या मुख्य स्पर्धेत दाखवला गेला. महोत्सव 14 मेला सुरू झाला होता आणि निकाल 25 मेला लागायचा होता. म्हणजे पहिल्या खेळानंतर नऊ दिवसांची प्रतीक्षा. दिओप यांचा जन्म पॅरिसचा, वडिलांचे घराणे सेनेगलचे. वडील वासिस दिओप संगीतकार, तर काका जिब्रिल दिओप माम्बेती हे आफ्रिकी सिनेमातले मोठे नाव. स्वतः दिओप यांनी आधी अभिनय केला होता, लघुपट आणि पाऊण तासाचा एक माहितीपट केला होता. पूर्ण लांबीचा चित्रपट मात्र हा पहिलाच. कानच्या मुख्य स्पर्धेत चित्रपट असलेली पहिली कृष्णवर्णीय दिग्दर्शिका म्हणून त्यांच्याकडे आधीपासूनच सगळ्यांचे लक्ष होते.

चित्रपटाचे कथानक डाकार शहराच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत घडते. एका उंच मनोऱ्याच्या बांधकामावर राबणाऱ्या तरुणांची कित्येक महिन्यांची मजुरी थकलेली असते. एका रात्री ते होडीतून स्पेनच्या दिशेने निघून जातात. त्यांच्यातल्या सुलेमानवर प्रेम करणारी अदा मागे राहते. तिचे लग्न एका श्रीमंत तरुणाशी ठरलेले असते. मग रात्री वस्तीतल्या मुलींच्या अंगात समुद्रात बुडालेल्या तरुणांचे आत्मे येऊ लागतात आणि त्या मुली बिल्डरच्या दारात जाऊन थकलेली मजुरी मागतात. प्रेमकथा, स्थलांतराची शोकांतिका आणि भुताची गोष्ट असे तिन्ही प्रकार या चित्रपटात एकत्र आहेत. भाषा वोलोफ आहे आणि बरेचसे कलाकार कॅमेऱ्यापुढे प्रथमच उभे राहिलेले आहेत.

स्पर्धेत कोण कोण होते

मुख्य स्पर्धेत कोणते चित्रपट असावेत हे ज्युरी ठरवत नाही. ते काम महोत्सवाचे संचालक आणि त्यांची निवड समिती कित्येक महिने आधी करतात. ज्युरीच्या पुढ्यात येते ती तयार यादी. 2019 मध्ये या यादीत 21 चित्रपट होते. टेरेन्स मलिक, केन लोच, क्वेंटिन टॅरंटिनो, अब्देललतीफ केशिश आणि बेल्जियमचे दार्देन बंधू, म्हणजे पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार पूर्वी जिंकलेले दिग्दर्शक, त्या यादीत होते. पेद्रो अल्मोदोवार होते, दक्षिण कोरियाचे बाँग जून-हो होते. दिग्दर्शिका होत्या चार : दिओप, सेलीन सियामा, जेसिका हाउसनर आणि जस्टिन त्रिए. पहिलाच काल्पनिक चित्रपट घेऊन आलेले आणखी एक दिग्दर्शक होते, फ्रान्सचे लाज ली.

अशा यादीत पहिला चित्रपट असणे ही दुधारी गोष्ट आहे. एकीकडे ज्युरीला त्या चित्रपटाबद्दल काही पूर्वग्रह नसतो. ‘याच्या आधीच्या चित्रपटाची सर याला नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही. दुसरीकडे, नामांकित दिग्दर्शकाच्या साधारण चित्रपटालाही जी सहानुभूती मिळते ती नवख्याला मिळत नाही.

नऊ माणसे

मुख्य ज्युरीत अध्यक्ष धरून नऊ सदस्य असतात. स्पर्धेतल्या कोणत्याही चित्रपटाच्या निर्मितीशी किंवा वितरणाशी संबंध असलेल्या माणसाला ज्युरीत बसता येत नाही. 2019 चे अध्यक्ष मेक्सिकोचे आलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितू होते. त्यांच्यासोबत अमेरिकी अभिनेत्री एल फॅनिंग, बुर्किना फासोच्या अभिनेत्री आणि दिग्दर्शिका मैमुना एन्दिए, अमेरिकेच्या केली रायकार्ट, इटलीच्या अलिचे रोहरवाकर, चित्रकथाकार आणि दिग्दर्शक एन्की बिलाल, फ्रान्सचे रोबाँ काम्पियो, ग्रीसचे योर्गोस लांथिमोस आणि पोलंडचे पावेल पावलिकोव्स्की होते.

ही नावे नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी हीच प्रतीक्षा स्वतः केलेली होती. इन्यारितूंना 2006 मध्ये ‘बेबल’साठी दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता. रोहरवाकर यांना 2014 मध्ये आणि काम्पियो यांना 2017 मध्ये ग्राँ प्री, म्हणजे पाम दोरच्या खालोखालचा सन्मान मिळाला होता. लांथिमोस 2015 आणि 2017 मध्ये, पावलिकोव्स्की त्याच्या आदल्याच वर्षी या मंचावर चढले होते. ज्युरी म्हणजे समीक्षकांचे मंडळ नव्हे; ती बहुतांशी चित्रपट करणाऱ्यांची पंगत असते. समीक्षक चित्रपटाची रचना तपासतो, तर चित्रपट करणारा माणूस अनेकदा त्यातले धाडस पाहतो : हे दृश्य कसे उभे केले असेल, आपल्याला हे सुचले असते का, सुचले तरी जमले असते का. समीक्षकांचे गुण आणि ज्युरीचा निकाल यांत दर वर्षी जी तफावत दिसते तिचे एक कारण हे आहे.

ज्युरी चित्रपट खासगी खोलीत बसून पाहत नाही. ल्युमिएर या सुमारे 2300 आसनांच्या प्रेक्षागृहात इतर प्रेक्षकांसोबतच पाहते. दिवसाला साधारण दोन चित्रपट होतात. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सदस्य एकत्र बसतात आणि तोवर पाहिलेल्या चित्रपटांवर बोलतात. या बैठका औपचारिक मतदानाच्या नसतात, पण महत्त्वाच्या असतात; कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहिलेला चित्रपट बाराव्या दिवशी आठवणीत ताजा राहायचा असेल तर त्यावर मधून मधून चर्चा व्हावी लागते. ‘अटलांटिक्स’ महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दाखवला गेला होता. त्यानंतर ज्युरीने सियामांचा ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’, बाँग यांचा ‘पॅरासाइट’, टॅरंटिनोंचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’ असे बरेच काही पाहिले. लवकर दाखवलेला चित्रपट पुढच्या गर्दीत बुडून जाण्याची भीती खरी असते. पण त्याला एक फायदाही असतो : ज्युरीचे डोळे तेव्हा थकलेले नसतात आणि पुढच्या चित्रपटांची तुलना त्याच्याशी होत राहते.

सदस्यांनी निकाल लागेपर्यंत स्पर्धेतल्या चित्रपटांबद्दल जाहीरपणे मत द्यायचे नसते. लाल गालिच्यावर, मेजवानीत, हॉटेलच्या लिफ्टमध्ये भेट झाली तरी ते स्मितहास्यापलीकडे जात नाहीत. प्रतीक्षा करणाऱ्याने त्या स्मितहास्याचा अर्थ लावू नये, हे या धंद्यातले शहाणपण आहे.

खुणा, ज्या खुणा नसतात

ज्युरी गप्प असल्यामुळे बाहेर थांबलेले लोक दुसऱ्या खुणा शोधतात. त्यातली सर्वांत बोलकी खूण म्हणजे पहिल्या खेळानंतरच्या टाळ्या. कोणत्या चित्रपटाला किती मिनिटे उभे राहून टाळ्या मिळाल्या, याच्या बातम्या आता दर वर्षी छापून येतात. पण त्या खेळाला दिग्दर्शिका, कलाकार, निर्माते, त्यांचे वितरक आणि पाहुणे एकाच प्रेक्षागृहात बसलेले असतात. टाळ्या चालू असताना कॅमेरा एकेका कलाकाराच्या चेहऱ्याजवळ जातो, तो चेहरा पडद्यावर दिसतो आणि टाळ्यांचा नवा लोंढा येतो. टाळ्या किती वेळ चालतील हे त्यामुळे चित्रपटाच्या गुणांइतकेच त्याच्या चमूच्या आकारावर आणि प्रसिद्धीवर अवलंबून असते.

दुसरी खूण म्हणजे समीक्षकांचे गुण. ‘स्क्रीन’ हे व्यवसायपत्र महोत्सवाच्या काळात रोज एक तक्ता छापते. वेगवेगळ्या देशांतले समीक्षक प्रत्येक चित्रपटाला जास्तीत जास्त 4 तारे देतात आणि त्यांची सरासरी काढली जाते. हा तक्ता कानमध्ये सगळे वाचतात. 2016 मध्ये जर्मन दिग्दर्शिका मारेन आडे यांच्या ‘टोनी एर्डमान’ला 3.7 सरासरी मिळाली होती. तोवरची ती सर्वोच्च. मुख्य ज्युरीने त्या चित्रपटाला एकही पुरस्कार दिला नाही. दोनच वर्षांनी ली चांग-डाँग यांच्या ‘बर्निंग’ने 3.8 गुण मिळवून तो विक्रम मोडला, आणि मुख्य ज्युरीकडून तोही रिकाम्या हाताने परतला. दोन्ही चित्रपटांना समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपला वेगळा पुरस्कार दिला, कारण तिथे मत समीक्षकांचेच होते. तेव्हा तक्ता बरोबर की चूक हा प्रश्न नाही. तो दुसऱ्याच परीक्षकांचा निकाल असतो.

शेवटची सकाळ

अंतिम चर्चा शेवटच्या दिवशी सकाळी होते. शहराच्या गर्दीपासून दूर टेकडीवर दोमेर्ग नावाचा एक जुना बंगला आहे. ज्युरीची अंतिम बैठक परंपरेने तिथे होते. सदस्यांकडून मोबाइल फोन काढून घेतले जातात आणि समारंभ सुरू होईपर्यंत त्यांना बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवता येत नाही. महोत्सवाचे अध्यक्ष आणि संचालक चर्चेला हजर राहू शकतात, पण त्यांना मत नसते. ज्युरीच्या अध्यक्षांचे मतही इतरांइतकेच, एकच.

या बैठकीत ‘सर्वांत चांगला चित्रपट कोणता’ एवढाच प्रश्न नसतो. ज्युरीला पाम दोर, ग्राँ प्री, ज्युरी पुरस्कार, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेत्री आणि अभिनेता असे सात पुरस्कार वाटायचे असतात, आणि ते कसे वाटायचे याला नियम आहेत. पाम दोर दोन चित्रपटांत विभागता येत नाही. बाकीच्या पुरस्कारांपैकी फक्त एकच विभागून देता येतो. सर्वांत कळीचा नियम असा की एका चित्रपटाला शक्यतो एकच पुरस्कार मिळावा. पूर्वी असे नव्हते. 1991 मध्ये कोएन बंधूंच्या ‘बार्टन फिंक’ला पाम दोर, दिग्दर्शन आणि अभिनेता असे तीन पुरस्कार एकाच वेळी मिळाले. त्यानंतर असे पुन्हा होऊ नये म्हणून नियम आवळले गेले. आता पटकथेचा पुरस्कार किंवा ज्युरी पुरस्कार एखाद्या अभिनय पुरस्कारासोबत देता येतो, तोही महोत्सवाच्या अध्यक्षांच्या संमतीने.

या नियमामुळे चर्चेचे स्वरूपच बदलते. एखाद्या चित्रपटाला पाम दोर द्यायचे ठरले, की त्यातल्या उत्तम अभिनयासाठी वेगळा पुरस्कार देता येत नाही. उलट, एखाद्या चित्रपटातल्या अभिनेत्याला पुरस्कार दिला, की तो चित्रपट वरच्या तीन स्थानांच्या शर्यतीतून जवळजवळ बाहेर पडतो. म्हणून ज्युरीला प्रत्येक चित्रपटासाठी एक जागा शोधावी लागते. बुद्धिबळाच्या पटावर एक मोहरा हलवला की दुसऱ्याची वाट बंद होते, तसेच इथेही घडते. शेवटी दिसणारी यादी ही आवडीच्या क्रमाची यादी नसते. ती नऊ माणसांच्या आवडी सात खणांत बसवण्याचा प्रयत्न असतो.

2019 ची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाम दोर ‘पॅरासाइट’ला मिळाले आणि तो निर्णय एकमताने झाल्याचे इन्यारितूंनी जाहीरपणे सांगितले. ग्राँ प्री दिओप यांच्या ‘अटलांटिक्स’ला. ज्युरी पुरस्कार विभागून देण्यात आला : लाज ली यांचा ‘ले मिझेराब्ल’ आणि ब्राझीलचा ‘बाकुराउ’. दिग्दर्शनाचा पुरस्कार दार्देन बंधूंना, पटकथेचा सियामा यांना, अभिनेत्याचा अल्मोदोवार यांच्या चित्रपटातल्या अँतोनियो बांदेरास यांना आणि अभिनेत्रीचा हाउसनर यांच्या चित्रपटातल्या एमिली बीचम यांना. शिवाय पॅलेस्टिनी दिग्दर्शक एलिया सुलेमान यांच्या चित्रपटाची विशेष दखल घेतली गेली.

विभागून देण्याची जी एकमेव सवलत नियमात आहे ती ज्युरीने तिसऱ्या क्रमांकावर वापरलेली दिसते. त्यामुळे एक चित्रपट जास्त सामावला गेला. लाज ली आणि दिओप, दोघांचेही पहिले काल्पनिक चित्रपट वरच्या तीन पुरस्कारांत आले. चार दिग्दर्शिकांपैकी तिघींच्या चित्रपटांना काही ना काही मिळाले. आणखी एक योगायोग म्हणजे ‘अटलांटिक्स’ आणि ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ या दोन्ही चित्रपटांचे छायाचित्रण क्लेअर माथों या एकाच छायालेखिकेचे होते.

दुपारचा फोन

बैठक संपली की महोत्सवाचे अधिकारी पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांच्या चमूंना फोन करतात. महोत्सव बारा दिवस चालतो. पहिल्या आठवड्यात चित्रपट दाखवलेले बरेच लोक तोवर घरी गेलेले असतात. त्यांना संध्याकाळच्या समारंभासाठी परत बोलवावे लागते. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंतचे तास हे या प्रतीक्षेतले सर्वांत कठीण तास असतात. फोन आला तर एवढेच सांगितले जाते की तुम्ही समारंभाला यावे, आणि सोबत कोणाला आणावे. कोणता पुरस्कार मिळाला आहे हे सांगितले जात नाही. फोन आला नाही तर वेगळे काही कळवले जात नाही. न येणारा फोन हाच निकाल.

सोबत कोणाला बोलावले आहे यावरून थोडाफार अंदाज बांधता येतो. फक्त अभिनेत्याला यायला सांगितले असेल तर अभिनयाचा पुरस्कार असावा. दिग्दर्शिकेला एकटीला बोलावले तर पाम दोरपासून पटकथेपर्यंत काहीही असू शकते. ही माहिती दुपारी पत्रकारांपर्यंत झिरपते आणि संध्याकाळी समारंभाच्या पायऱ्या कोण चढतो यावर सगळ्यांचे डोळे लागतात. पण ही खूणही दगा देते. 2019 मध्ये टॅरंटिनो समारंभाला आले, तेव्हा त्यांच्या चित्रपटाला काहीतरी मिळणार असा तर्क लगेच सुरू झाला. मुख्य ज्युरीने त्यांना काहीच दिले नव्हते.

समारंभात पुरस्कार खालून वर, म्हणजे छोट्याकडून मोठ्याकडे जाहीर होतात. फोन आलेल्या दिग्दर्शिकेला प्रत्येक नाव आपले नाही हे कळत जाते, आणि जितके पुरस्कार पुढे सरकतात तितकी तिची शक्यता वर चढत जाते. दिओप यांचे नाव घेतले गेले तेव्हा फक्त पाम दोर जाहीर व्हायचे राहिले होते.

दुसरी ज्युरी

पहिला चित्रपट घेऊन आलेल्या दिग्दर्शिकेची प्रतीक्षा एका अर्थी दुहेरी असते. पहिल्या चित्रपटांसाठी कानमध्ये ‘कॅमेरा दोर’ नावाचा एक स्वतंत्र पुरस्कार 1978 पासून आहे. त्याची ज्युरी वेगळी, नियम वेगळे. दिग्दर्शकाचा 60 मिनिटांहून लांब असा पहिलाच चित्रपट या पुरस्काराला पात्र ठरतो. महत्त्वाचे म्हणजे हा पुरस्कार फक्त मुख्य स्पर्धेपुरता नाही. महोत्सवाच्या इतर विभागांत, तसेच त्याच काळात भरणाऱ्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ आणि ‘समीक्षकांचा आठवडा’ या समांतर उपक्रमांत दाखवलेले सगळे पहिले चित्रपट एकाच रांगेत उभे असतात. त्यामुळे छोट्या प्रेक्षागृहात दाखवलेला, फारशी प्रसिद्धी नसलेला चित्रपटही अखेरच्या रात्री मोठ्या मंचावर येऊ शकतो.

2019 मध्ये या ज्युरीचे अध्यक्ष कंबोडियाचे रिथी पान होते. ‘अटलांटिक्स’ त्यांच्याही यादीत होता. त्यांनी निवडला तो मात्र ‘समीक्षकांच्या आठवड्यात’ दाखवलेला ‘अवर मदर्स’ हा सेझार दियाझ यांचा चित्रपट. एकच चित्रपट, एकच महोत्सव, एकच संध्याकाळ, आणि एका ज्युरीने तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला तर दुसरीने वेगळ्याच चित्रपटाला पसंती दिली. ज्युरीचा निकाल हे त्या मोजक्या माणसांचे त्या दिवसाचे उत्तर असते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मिळणे कठीण.

कॅमेरा दोरशी मुंबईचे जुने नाते आहे. 1988 मध्ये मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ ‘दिग्दर्शकांच्या पंधरवड्यात’ दाखवला गेला. नायर यांनी त्याआधी माहितीपट केले होते. काल्पनिक चित्रपट हा पहिलाच. मुंबईच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष राहणाऱ्या मुलांना कार्यशाळेत तयार करून त्यांनी हा चित्रपट चित्रित केला. नाना पाटेकर, रघुवीर यादव यांच्याबरोबर मध्यवर्ती भूमिकेत शफीक सय्यद हा मुलगा होता. चित्रपट मुख्य स्पर्धेत नसल्याने पाम दोरचा प्रश्नच नव्हता, पण कॅमेरा दोर त्याला मिळाला. त्या वर्षीचे पाम दोर डेन्मार्कच्या ‘पेले द कॉन्करर’ला गेले होते. पुढे ऑस्करच्या परभाषिक विभागात हे दोन्ही चित्रपट समोरासमोर आले आणि तिथेही ‘पेले’च जिंकला.

कॅमेरा दोरच्या इतिहासात एक प्रतीक्षा तर अगदी अनोखी आहे. 2021 मध्ये हा पुरस्कार क्रोएशियाच्या आंतोनेता अलामात कुसियानोविच यांच्या ‘मुरिना’ला मिळाला. त्यांचे नाव मंचावरून पुकारले गेले तेव्हा त्या प्रेक्षागृहात नव्हत्या. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या.

दोन दिवसांची प्रतीक्षा

दिओप यांच्या नऊ दिवसांच्या शेजारी पायल कपाडिया यांचे दोन दिवस ठेवून पाहता येतील. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थिनी असलेल्या कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ 23 मे 2024 रोजी कानच्या मुख्य स्पर्धेत दाखवला गेला. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट त्या स्पर्धेत पोहोचला होता. याआधीचा शाजी करुण यांचा ‘स्वहम्’ 1994 मधला. समारंभ 25 मेला होता. कपाडिया यांचा पहिला पूर्ण लांबीचा माहितीपट 2021 मध्ये ‘दिग्दर्शकांच्या पंधरवड्यात’ येऊन गेला होता आणि त्याला माहितीपटांसाठीचा स्वतंत्र पुरस्कार मिळाला होता. काल्पनिक चित्रपट मात्र हा पहिला. तो घडतो मुंबईत आणि नंतर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. गावी परतणाऱ्या पार्वतीच्या भूमिकेत छाया कदम आहेत.

महोत्सवाच्या अगदी शेवटी दाखवल्या गेलेल्या चित्रपटाची अडचण उलटी असते. ज्युरीच्या मनात तोवर एक यादी जवळजवळ तयार झालेली असते. नव्या चित्रपटाला तिच्यात शिरण्यासाठी कोणाला तरी बाहेर काढावे लागते. पण आठवण ताजी असते आणि त्यावर इतरांची मते अजून साचलेली नसतात. ग्रेटा गर्विग यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने कपाडिया यांना ग्राँ प्री दिला. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने, एक चित्रपट सुरुवातीला आणि एक शेवटी दाखवला जाऊनही, दोन दिग्दर्शिकांचे पहिले काल्पनिक चित्रपट एकाच पुरस्कारापर्यंत पोहोचले. कोणत्या दिवशी चित्रपट दाखवला जातो यावर निकालाचे भाकीत करणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर आहे.

निकालाने काय होते, काय होत नाही

पुरस्काराचा पहिला परिणाम वितरणावर होतो. ‘अटलांटिक्स’चे फ्रान्स आणि काही देश वगळता जगभरातले हक्क नेटफ्लिक्सने निकालाच्याच सुमारास घेतले. वोलोफ भाषेतला, नवख्या कलाकारांचा चित्रपट एरवी मोजक्या देशांतल्या मोजक्या पडद्यांवर थांबला असता. दुसरा परिणाम पुढच्या निवडींवर होतो. सेनेगलने हा चित्रपट ऑस्करसाठी पाठवला आणि तो आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या दहा जणांच्या यादीपर्यंत गेला. पण असे होईलच याची हमी नसते. कपाडिया यांच्या चित्रपटाला ग्राँ प्री मिळूनही फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या समितीने त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी ‘लापता लेडीज’ची निवड केली. पुन्हा तेच : परीक्षक वेगळे, निकाल वेगळा.

ज्यांना फोन येत नाही त्यांच्याबाबतीतही हे खरे आहे. 2019 च्या चार दिग्दर्शिकांपैकी त्या रात्री रिकाम्या हाताने परतल्या त्या एकट्या जस्टिन त्रिए. त्यांचा ‘सिबिल’ कोणत्याच खणात बसला नव्हता. चार वर्षांनी, 2023 मध्ये, त्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ घेऊन त्याच स्पर्धेत आल्या आणि वेगळ्या ज्युरीने त्यांना पाम दोर दिले. जेन कॅम्पियन आणि जुलिया द्युकुर्नो यांच्यानंतर हा सन्मान मिळालेल्या त्या तिसऱ्या दिग्दर्शिका. दिओप यांनी दुसऱ्या लांबीच्या चित्रपटासाठी माहितीपटाचा मार्ग धरला. फ्रान्सने बेनिनला परत केलेल्या 26 राजवस्तूंवरचा ‘दाहोमी’ 2024 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत गेला आणि लुपिता न्योंगो यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने त्याला गोल्डन बेअर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार दिला. पहिल्या चित्रपटावरचा निकाल दिग्दर्शिकेची किंमत ठरवत नाही. दुसरा चित्रपट किती लवकर आणि किती पैशांत करता येईल, एवढे मात्र तो बऱ्याच अंशी ठरवतो.